‘करंट रेशो वाढला, म्हणून…’ या ‘म्हणून’ला गुण किती द्यायचे?

गोदाकाठची

नमस्कार मंडळी. मी नाशिकमधल्या एका कॉलेजात वाणिज्य शिकवते. तिसऱ्या वर्षाच्या मुलांना अंतर्गत गुणांसाठी एका कंपनीच्या हिशेबांवर लेखी विश्लेषण लिहायला दिलं होतं. ४१ पेपर आहेत, त्यातले ३९ तपासून झाले. उरलेल्या दोनांवर माझं आणि माझ्या सहकारी सरांचं जमत नाहीये. रविवारची दुपार यातच गेली, म्हणून इथे विचारतेय.

कंपनी निफाड तालुक्यातली, बेदाण्यावर प्रक्रिया करणारी, छोटी प्रायव्हेट लिमिटेड. ओळखीतून हिशेब मिळाले. नाव काढलं, आकडे गोल केले. सगळे लाखांत आहेत, आधी ३१ मार्च २०२३ चा, मग ३१ मार्च २०२४ चा:

शिल्लक माल: १२०, २१०
येणी: ७०, ९०
रोख आणि बँक: ३०, ६
व्यापारी देणी: ७०, ९०
कॅश क्रेडिट: ९०, ८०
मुदत कर्ज: नाही, ६०
विक्री: ४८०, ५०४
ढोबळ नफा: ९६, १११
निव्वळ नफा २०२३-२४ मध्ये १६, सगळा कंपनीतच ठेवला.

‘क’ चा पेपर देखणा आहे. एकही आकडा चुकलेला नाही. करंट रेशो, म्हणजे चालू मालमत्ता भागिले चालू देणी, १.३८ वरून १.८०, ढोबळ नफा २० टक्क्यांवरून २२ टक्के. शेवटी तो लिहितो: "करंट रेशो आदर्श २:१ च्या जवळ आला आहे, म्हणून कंपनीची तरलता लक्षणीय सुधारली आहे. क्विक रेशो ०.६३ वरून ०.५६ झाला असला तरी ही घट किरकोळ आहे. बँकेने कॅश क्रेडिटची मर्यादा वाढवण्यास हरकत नाही."

‘ख’ च्या पेपरात खाडाखोड. माल किती दिवस पडून राहतो हे काढताना तिने विक्रीच्या खर्चाऐवजी विक्रीनेच भागलं, त्यामुळे तिचे दिवस ९१ आणि १५२ आले. बरोबर आकडे ११४ आणि १९५. पण ती लिहिते: "माल विकला जाण्यापेक्षा जास्त वेगाने साठतो आहे आणि रोख ३० वरून ६ वर आली आहे, म्हणून करंट रेशोतील वाढ फसवी आहे. कंपनी वर्षभरात बंद पडेल."

२० पैकी मी ‘क’ला १७ दिले, ‘ख’ला ११. सरांनी ‘क’ला १० आणि ‘ख’ला १५. गुणांची वाटणी अशी: आकडेमोड ६, अर्थ लावणे ८, निष्कर्ष ४, मांडणी २. कोणाचं बरोबर?

---

शेअर_सम्राट

ताई, कंपनीचं नाव व्यनि करा ना. ढोबळ नफा २२ टक्के आणि बेदाण्याला बारमाही मागणी. आत्ता घेऊन ठेवला तर दिवाळीपर्यंत चांगला वाढेल असं वाटतंय.

---

गोदाकाठची

अहो, प्रायव्हेट लिमिटेड आहे. शेअर बाजारात नाही. आणि प्रश्न पेपर तपासण्याचा आहे 🙂

---

आर्टिकलशिप_चालू

माझ्या मते तुमचेच गुण बरोबर. ‘क’ची आकडेमोड अचूक आहे आणि करंट रेशो म्हणजेच तरलतेचं माप. तो वाढला तर तरलता वाढली, यात चूक काय? ‘ख’ने सूत्रच चुकवलंय. आमच्या ऑफिसात असं वर्किंग पेपर गेलं तर सर फाडून टाकतील. शिवाय २:१ हे सगळीकडेच आदर्श मानतात.

---

सातपूरकर_काका

३१ वर्षं बँकेत काढली, त्यातली बरीचशी कर्जविभागात. म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आधी २:१ चं. हा आकडा पुस्तकातून पुढच्या पुस्तकात जात राहिला. आपल्याकडे बँकेत खेळत्या भांडवलाचा प्रस्ताव आला की आम्ही १.३३ बघायचो. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या टंडन समितीच्या दुसऱ्या पद्धतीतून तो आला. चालू मालमत्तेचा चौथा हिस्सा कर्जदाराने दीर्घ मुदतीच्या पैशातून उभा करायचा. म्हणजे १०० रुपयांच्या चालू मालमत्तेला चालू देणी जास्तीत जास्त ७५, की झाला १.३३. मुलाने २ लिहिलं म्हणून त्याचे गुण कापू नका, त्याला तेच शिकवलंय. पण ‘आदर्शाच्या जवळ’ या शब्दांना काही वजन नाही, एवढं लक्षात घ्या.

आता मुख्य गोष्ट. कर्जाचा अर्ज वाचताना मी प्रत्येक ‘म्हणून’खाली पेन्सिलने रेघ मारायचो आणि एकच प्रश्न विचारायचो: धंदा बिघडत असता, तरी हा आकडा असाच आला असता का? ‘हो’ असेल, तर त्या आकड्यावर तो निष्कर्ष उभा राहत नाही.

‘क’च्या वाक्याला हे लावून बघा. माल खपत नाही, गोदामात साठतोय. येणी वेळेवर येत नाहीत. अशा वेळी चालू मालमत्ता वाढते की कमी होते? वाढते. मग करंट रेशोही चढू शकतो. म्हणजे १.८० चांगल्या धंद्यातही येईल आणि तुंबलेल्या धंद्यातही. कुठला ते ठरवायला दुसरा आकडा लागतो आणि तो आकडा मुलाच्या हातात होता. क्विक रेशो घटलाय. माल वगळला की चित्र उलटं होतं. त्याला त्याने ‘किरकोळ’ म्हणून बाजूला सारलं. माझ्या लेखी त्या पेपरातली सगळ्यात मोठी चूक तीच. आपल्या निष्कर्षाच्या विरुद्ध जाणारा आकडा दिसला, तर थांबायला हवं होतं.

एक विचारू? चालू मालमत्ता २२० वरून ३०६ झाली, म्हणजे ८६ ने वाढली. चालू देणी १६० वरून १७०, फक्त १० ने. मग मधले ७६ आले कुठून? नफा १६. उरलेले ६० म्हणजे ते मुदत कर्ज. ते कशासाठी घेतलं होतं? यंत्रं घेतली का?

---

गोदाकाठची

नाही काका. स्थिर मालमत्ता जवळपास तेवढीच आहे, नवी खरेदी आणि घसारा एकमेकांना फिटतात. तुम्ही विचारलंत म्हणून हिशेबांची पानं परत उघडली. टीपांमध्ये एक ओळ आहे. कॅश क्रेडिटमधले ६० लाख बँकेने मुदत कर्जात वर्ग केले, परतफेड ५ वर्षांत, पहिला हप्ता जून २०२५ मध्ये.

ही पानं मुलांनाही दिली होती. ४१ पैकी दोघांनी या ओळीचा उल्लेख केलाय. हे दोघे त्यात नाहीत.

---

सातपूरकर_काका

मग झालंच की!

ते ६० कॅश क्रेडिटमध्येच राहिले असते तर चालू देणी २३० झाली असती. ३०६ भागिले २३०, म्हणजे १.३३. गेल्या वर्षीच्या १.३८ पेक्षा कमी. अख्खी ‘सुधारणा’ एका कागदी नोंदीने झालीय. देणं होतं तेवढंच आहे, फक्त या खान्यातून त्या खान्यात गेलंय.

आणि बँक असं कधी करते? खातं महिनोन्महिने मर्यादेला टेकलेलं असतं, माल विकून पैसे येत नाहीत आणि खातं खाली यायचं नाव घेत नाही, तेव्हा. हौसेने कोणी करत नाही. याच कंपनीची कॅश क्रेडिट मर्यादा वाढवा असं ‘क’ सुचवतोय. मी शाखेत असतो तर चहा पाजून परत पाठवलं असतं.

---

आर्टिकलशिप_चालू

काका, पण १.३३ म्हणजे तुमच्याच निकषात बसलं ना? मग तरलता ठीकच म्हणायची. शिवाय मुदत कर्जाचा पुढच्या बारा महिन्यांतला हप्ता चालू देण्यांत धरायला हवा. ‘इतर चालू देणी’ मध्ये. तो धरलाय का?

---

सातपूरकर_काका

हप्त्याचा प्रश्न चांगला काढलास. जागा मात्र बदललीय. कंपनी कायद्याच्या शेड्यूल थ्रीमध्ये २०२१ ला बदल झाला, तेव्हापासून तो अल्पमुदतीच्या कर्जांखाली वेगळा दाखवतात. इथे पहिला हप्ता जून २०२५, म्हणजे ३१ मार्च २०२४ पासून बारा महिन्यांच्या पलीकडे. तेव्हा या ताळेबंदात तो यायचा नाही. पुढच्या वर्षी येईल आणि धंद्यात काहीही बदल न होता करंट रेशो आपोआप थोडा घसरेल. तेव्हा एखादा मुलगा लिहील, ‘तरलता बिघडली’.

१.३३ चं म्हणशील तर, कर्जदाराचा स्वतःचा हिस्सा पुरेसा आहे का, हे बघायचा तो निकष. उद्याचं बिल उद्या भागेल का, हे त्यातून कळत नाही. ६ लाख रोख आणि ९० लाख व्यापारी देणी, एवढं समोर ठेव आणि सांग.

---

आर्टिकलशिप_चालू

६ आणि ९० असं शेजारी ठेवल्यावर जरा वेगळं दिसतं खरं. पण ९० लाखांची येणीही आहेत की.

---

सातपूरकर_काका

आहेत. पण ती गेल्या वर्षी सरासरी ५३ दिवसांची होती, आता ६५ दिवसांची. विक्री ५ टक्के वाढली आणि येणी जवळपास २९ टक्के. म्हणजे विक्रीतली वाढ उधारीवर झाली असण्याची शक्यता आहे. शक्यता म्हणतोय, खात्री नाही. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात एक मोठं बिल फाडलं असेल तरी असंच दिसतं.

---

जुना_मॉडरेटर

बराच वेळ वाचतोय. बँकेचा प्रस्ताव आणि तिसऱ्या वर्षाचा पेपर यात फरक आहे, तो कोणी धरत नाही. तपासनीस उत्तरसूचीला बांधलेला असतो. उत्तरसूचीत काय लिहिलंय? तिथे ‘तरलता सुधारली’ असं असेल तर ‘क’चे निष्कर्षाचे गुण कापायचा तुम्हाला अधिकार नाही. उद्या मुलगा पुनर्तपासणी मागेल, तेव्हा ‘एका काकांनी पेन्सिलने रेघ मारायला सांगितली’ असं लिहून देणार का?

मी केंद्रावर कित्येक वर्षं मॉडरेशन केलंय. तपासणाऱ्याला स्वतःचा शहाणपणा सुचला की गुणांत १७ आणि १० असा फरक पडतो. मुलांवर अन्याय होतो तो इथेच.

---

गोदाकाठची

सर, तुम्ही नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. आता सांगूनच टाकते.

उत्तरसूची मीच लिहिली आहे. जूनमध्ये, घाईत. त्यात शब्दशः असं आहे: ‘करंट रेशोत वाढ – तरलतेत सुधारणा (१ गुण)’. त्याखाली ‘क्विक रेशोत घट – मालावरील अवलंबित्व वाढले (१ गुण)’. दोन ओळी एकमेकींशी भांडतायत हे माझ्याच लक्षात आलं नाही. मुलांनी ओळीओळीने लिहिलं, मी ओळीओळीने टिक करत गेले. ‘क’ला १७ मिळाले ते असे.

---

जुना_मॉडरेटर

प्रामाणिकपणे सांगितलंत, बरं वाटलं. मग उत्तरसूची दुरुस्त करा आणि सगळेच्या सगळे ४१ पेपर पुन्हा काढा. दोनच पेपर नव्या नजरेने तपासणं मला मान्य नाही.

---

बेदाणा_निफाड

रामराम. धाग्याचं नाव वाचून आलो नव्हतो, बेदाणा शब्द दिसला म्हणून आलो. तुमचं गणित मला फार कळत नाही, पण ३१ मार्चला बेदाणावाल्याकडे माल जास्त असणार नाही तर काय दसऱ्याला असणार? द्राक्षाची काढणी फेब्रुवारी-मार्च. शेडवर रॅकवर पंधरा दिवस सुकतो, मग प्रतवारी, मग शीतगृह. पुढे गणपती, दिवाळी करत वर्षभर विकायचा. तुम्ही नेमका गोदाम तुडुंब भरल्याच्या दिवशी फोटो काढला आणि म्हणताय १९५ दिवस माल पडून. माझ्याकडे आलात तर ३०० दिवस निघतील. म्हणून काय मी बुडालो?

दुसरं, टेबल द्राक्षाला भाव मिळाला नाही की लोक तोच माल बेदाण्याला घालतात. त्या वर्षी कारखानदाराला कच्चा माल स्वस्तात मिळतो आणि तो मुद्दाम भरून ठेवतो. माल साठणं म्हणजे माल न खपणं, असं धरून चालू नका.

---

सातपूरकर_काका

दादा, हे बोललात ते सोन्यासारखं आहे. निम्मं मी मान्य करतो, निम्म्यावर थोडं बोलतो.

१९५ हा आकडा एकटा घेतला तर तुमचं शंभर टक्के खरं. त्या दिवशीच्या मालावरून वर्षाचं अनुमान काढायचं तर सरासरी माल हवा, महिन्यामहिन्याचा. तो बँकेला दिलेल्या स्टॉक स्टेटमेंटात असतो, मुलांना कुठून मिळणार? तेव्हा ‘माल १९५ दिवस पडून राहतो’ असं कोणी लिहिलं असेल तर तो निष्कर्षही आकड्याच्या पुढे गेलाय.

पण इथे तुलना ३१ मार्चची ३१ मार्चशीच आहे. हंगाम दोन्हीकडे आहे. दोन्ही फोटो गोदाम भरल्याच्या दिवसाचे. तरी एकात १२० आणि दुसऱ्यात २१०. ही वाढ हंगामाच्या नावावर टाकता येत नाही.

---

बेदाणा_निफाड

येते की टाकता. हंगाम काय तारखेने चालतो? ऑक्टोबरची छाटणी पावसामुळे वीस दिवस लांबली की काढणी तेवढी पुढे जाते. मग ३१ मार्चला अर्धा माल अजून वेलीवर, नाहीतर शेडवर. त्या वर्षीचा आकडा कमी दिसणार. पुढच्या वर्षी छाटणी वेळेवर झाली, माल मार्चमध्येच आत आला, की आकडा फुगलेला दिसणार. दोन्ही वर्षं धंदा सारखाच.

---

सातपूरकर_काका

…हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मान्य.

---

गोदाकाठची

दादा, खूप आभार. म्हणजे ‘माल वाढला म्हणून माल खपत नाही’ यालाही काकांचा प्रश्न लावला, तर तेही टिकत नाही. स्वस्तात भरून ठेवला असेल, हंगाम लवकर आला असेल किंवा खरंच खपत नसेल. तिन्हीत २१० येईल.

मग ‘ख’चं काय?

---

सातपूरकर_काका

‘ख’च्या वाक्याचे तुकडे करा.

‘माल विकला जाण्यापेक्षा जास्त वेगाने साठतोय’: विक्री ५ टक्के वाढली, माल ७५ टक्के. हे निव्वळ वर्णन आहे आणि ते खरं आहे. तिचा भाजक चुकला, पण दोन्ही वर्षी सारखाच चुकला, त्यामुळे दिशा बदलत नाही. आकडेमोडीत गुण कापा, पण त्याच चुकीसाठी अर्थ लावण्यात दुसऱ्यांदा कापू नका.

‘करंट रेशोतील वाढ फसवी’: हे तिच्या हातातल्या आकड्यांवर उभं राहतं. क्विक रेशो आणि रोख दोन्ही तिच्या बाजूने आहेत. माल कशामुळे साठला हे माहीत नसलं तरी तो रोख नाही, एवढं नक्की आहे. टीप तिने वाचली असती तर निष्कर्ष आणखी पक्का झाला असता.

‘कंपनी वर्षभरात बंद पडेल’: इथे मात्र तिने उडी मारली. दोन ताळेबंदांतून हे कुणालाच सांगता येत नाही. कॅश क्रेडिटमध्ये अजून किती उचल शिल्लक आहे, मालकाकडे बाहेरून पैसा आहे का, ऑगस्टपर्यंत किती माल विकला गेला, यातलं काहीच तिला माहीत नव्हतं. ‘क’चा निष्कर्ष आकड्यांच्या उलट गेला, हिचा आकड्यांच्या पुढे गेला. दोन्हींना एकाच मापाने कापू नका.

---

आर्टिकलशिप_चालू

काका, रोखप्रवाह पत्रक का नव्हतं? त्यातून सगळं पटकन दिसलं असतं.

---

सातपूरकर_काका

छोट्या कंपनीला कायद्याने ते द्यावं लागत नाही. पण दोन ताळेबंद आणि नफा हातात असला की पाठकोऱ्या कागदावर मांडता येतं. नफा १६. मालात अडकले ९०, येण्यांत २०. माल पुरवणाऱ्यांनी थांबून दिले २०. म्हणजे धंद्यातून उणे ७४. कर्जातून आले निव्वळ ५०, कारण मुदत कर्ज ६० आणि कॅश क्रेडिट १० ने कमी. उणे ७४ अधिक ५०, बरोबर उणे २४. रोख ३० वरून ६. जुळलं.

नफा १६ लाख आणि धंद्यातून रोख उणे ७४ लाख. ही एक ओळ ज्याच्या पेपरात असेल, त्याच्या निष्कर्षाला पाया आहे. मला वाटतं, ताईंच्या नव्या उत्तरसूचीत ही हवी.

---

कॉलेजरोड_कॉस्टिंग

एक मुद्दा सगळ्यांच्या नजरेतून सुटलाय. ढोबळ नफा २० वरून २२ टक्के झाला, त्यावर ‘क’ने ‘उत्पादन कार्यक्षमता सुधारली’ वगैरे लिहिलंय का? लिहिलं असेल तर तिथेही रेघ मारा. शिल्लक मालाची किंमत जेवढी जास्त लावाल, तेवढा ढोबळ नफा जास्त. इथे माल २१० चा. त्याचं मूल्य ५ टक्के जास्त धरलं गेलं असेल तर साडेदहा लाख झाले. १११ मधून ते काढा, नफा पुन्हा २० टक्क्यांच्या आसपास. म्हणजे ती दोन टक्के वाढ कार्यक्षमतेची आहे, स्वस्त द्राक्षांची आहे की मूल्यांकनाची, हे या कागदांवरून ठरत नाही.

---

गोदाकाठची

लिहिलंय. ‘आधुनिक तंत्रज्ञानामुळे’ असंही लिहिलंय. तंत्रज्ञानाचा उल्लेख हिशेबात कुठेच नाही 😐

---

बेदाणा_निफाड

तंत्रज्ञान म्हणजे शेडवर नवीन जाळी टाकली असेल 😄

मालाच्या किमतीचं म्हणाल तर बेदाणा हिरवा राहिला तर वेगळा भाव, काळपट पडला की वेगळाच. शीतगृहात नीट ठेवला नाही तर रंग जातो. मार्चला चांगल्या भावाने धरलेला माल सप्टेंबरमध्ये त्या भावाला जाईलच असं नाही.

---

आई_नाशिकरोड

माझा मुलगा दुसऱ्या एका कॉलेजात आहे. त्यालाही असाच प्रकल्प होता, १५ रेशो काढले होते, रंगीत आलेख काढले होते, तरी २० पैकी ९ मिळाले. बाईंनी नुसतं ‘निष्कर्ष?’ असं लिहून प्रश्नचिन्ह काढलंय. अर्ज करावा का?

---

कॉलेजरोड_कॉस्टिंग

ताई, आधी त्याच्या प्रत्येक आलेखाखालचं वाक्य वाचा. ‘वरील आलेखावरून दिसते की रेशो वाढला आहे’ एवढंच असेल, तर ते आलेखाला शब्दांत सांगणं झालं. बाईंचं प्रश्नचिन्ह बहुधा त्यासाठीच आहे. मात्र कारण न लिहिता गुण कापणं मलाही आवडत नाही. अर्जाआधी जाऊन त्यांच्याशी बोला.

---

जुना_मॉडरेटर

मूळ मुद्द्याकडे. ताई, नवी उत्तरसूची करताना एक जपा. काकांनी सांगितलेलं सगळं मुलांकडून अपेक्षित धरू नका. बँक मर्यादेला टेकल्यावर कॅश क्रेडिट वर्ग करते, हे वीस वर्षांच्या मुलाला कुठून कळणार? गुण द्यायचे ते त्याच्या हातातल्या कागदांपुरते.

---

सातपूरकर_काका

हे पटलं. पण मग टीपा त्याच्या हातात होत्या, हेही धरायला लागेल. २०२१ च्या त्याच बदलाने कंपन्यांना ठरावीक रेशो टीपांमध्ये द्यावे लागतात आणि गेल्या वर्षापेक्षा २५ टक्क्यांहून जास्त बदल असेल तर कारणही लिहावं लागतं. १.३८ वरून १.८० म्हणजे जवळपास ३१ टक्के. ताई, रेशोंच्या टीपेत कारण दिलंय का बघा बरं.

---

गोदाकाठची

आहे! शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात. ‘अल्पमुदतीच्या कर्जाचे दीर्घमुदतीच्या कर्जात रूपांतर आणि वर्षअखेरीच्या मालसाठ्यात वाढ.’ कंपनीने स्वतःच सांगितलंय आणि आम्ही ४१ मुलं अधिक दोन शिक्षक रेशो काढत बसलो.

---

आर्टिकलशिप_चालू

आमच्याकडे ही टीप मीच टाईप करतो. गेल्या वर्षीची कॉपी करून 🙈 उद्यापासून वाचून टाईप करीन.

---

गोदाकाठची

तीन दिवसांनी लिहितेय. सगळे पेपर पुन्हा काढले. एकूण वाटणी तीच ठेवली, फक्त अर्थ लावण्याचे आठ गुण नव्याने फोडले: आकडा बरोबर वाचला का याला ३, त्याला दुजोरा देणारा किंवा विरोध करणारा दुसरा आकडा शेजारी ठेवला का याला ३, हिशेबाच्या टीपांत कारण शोधलं का याला २. निष्कर्षाच्या चारांत, दिशा आकड्यांना धरून असेल तर २, आणि आकडे सांगतात तिथेच थांबला असेल तर २.

‘क’: आकडेमोड ६, अर्थ ३, निष्कर्ष ०, मांडणी २. एकूण ११. क्विक रेशो शेजारी ठेवलाय याचे १-२ द्यावेत की नाही यावर बराच वेळ घालवला. ठेवला, पण झटकून टाकला. शेवटी नाही दिले.

‘ख’: आकडेमोड ४, अर्थ ६, निष्कर्ष २, मांडणी १. एकूण १३. ‘बंद पडेल’ने तिचे दोन गेले.

बाकीच्यांत १४ जणांचे गुण कमी झाले, ६ जणांचे वाढले. टीप वाचणाऱ्या दोघांना १८ आणि १७. सरांचं अजूनही म्हणणं आहे की ‘ख’ला १५ हवेत, कारण खरं काय चाललंय हे वर्गात तिला सगळ्यात आधी दिसलं. माझं म्हणणं, दिसणं वेगळं आणि कागदावर सिद्ध करणं वेगळं. मिटलेलं नाही.

---

जुना_मॉडरेटर

‘क’चा क्विक रेशो: मी १ दिला असता. चुकीचा अर्थ लावला तरी आकडा लपवला नाही. आणि नव्या वाटणीची कल्पना मुलांना आधी नव्हती, हा आक्षेप मी नोंदवून ठेवतो.

---

गोदाकाठची

आक्षेप रास्त आहे, सर. म्हणून गुण अजून जाहीर केलेले नाहीत. परवा दोघांनाही बोलावून पेपर दाखवणार आहे. विभागप्रमुखांनी जुनी उत्तरसूचीच धरायला सांगितली तर ‘क’चे १७ परत येतील आणि मला ते द्यावे लागतील.

---

बेदाणा_निफाड

ताई, तुम्हाला खरंच कळायला हवं असेल की माल पडून होता की भरून ठेवला होता, तर त्या कंपनीला एवढंच विचारा: २०२३ च्या पोळ्याला गेल्या हंगामाचा किती माल शिल्लक होता आणि २०२४ च्या पोळ्याला किती. फोनवर सांगतील ते.

---

गोदाकाठची

विचारलं, दादा. म्हणाले, ‘मॅडम, हिशेब दिले तेवढे पुरे.’

---

शेअर_सम्राट

म्हणजे नाव नाहीच सांगणार तर.